पिवळा रंग कधी वाचायचा?

ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची नोंदवही उघडली, तर तारखेपुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द सापडतो : 'पॉझिटिव्ह'. म्हणजे त्या दिवशी ओटी टेस्ट घेतली, नळीतले पाणी पिवळे झाले आणि जलसुरक्षकाने तशी नोंद केली. किती पिवळे झाले, औषध घातल्यावर किती वेळाने पाहिले, पाणी टाकीतून घेतले की शेवटच्या घराच्या नळातून, यातले काहीच त्या शब्दातून कळत नाही. शहरातल्या सोसायट्यांत तर अशी वहीसुद्धा नसते. टँकरचे पाणी तळटाकीत पडते, कोणीतरी अंदाजाने टीसीएल टाकतो, पाण्याला वास आला की काम झाले असे समजतात. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलेन-बारे आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले, तेव्हा साठवलेल्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही हा प्रश्न घराघरांत पोचला. तो प्रश्न थेंबांच्या साध्या संचाने सुटू शकतो. पण रंग कसा वाचायचा हे ठाऊक नसेल, तर हाच संच वाईट पाण्याला चांगले ठरवतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरात असलेला संच ऑर्थोटोलिडिनचा, म्हणजेच ओटीचा. ओटीचे द्रावण आम्लात केलेले असते. पाण्यात क्लोरिन असेल, तर ते ओटीचे ऑक्सिडीकरण करते आणि पिवळा रंग येतो. क्लोरिन जितके जास्त, तितका पिवळा गडद. संचात एक नळी, थेंबांची बाटली आणि रंगांच्या पट्ट्यांची पेटी असते, पेटीवर ०.२, ०.५, १ असे मिलिग्रॅम प्रतिलिटरचे आकडे असतात. यालाच कोणी पीपीएम म्हणते; पाण्याच्या बाबतीत दोन्ही एकच. भारतीय मानक १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला मुक्त क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम असावे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तेव्हा किमान ०.५. या दोन आकड्यांतील 'मुक्त' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे आणि ओटी टेस्ट करताना तोच सर्वाधिक विसरला जातो.

टीसीएल पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे खरे काम ते करते. हेच मुक्त क्लोरिन. पण पाण्यात अमोनिया असेल (सांडपाण्याचा पाझर, लघवी, युरिया, सडलेला पालापाचोळा ही त्याची नेहमीची कारणे), तर मुक्त क्लोरिन लगेच अमोनियाला चिकटते आणि क्लोरामिन होते. याला संयुक्त क्लोरिन म्हणतात. तेही जंतुनाशक आहे, पण अनेक पटींनी मंद. तासाभरात पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात त्याच्यावर विसंबता येत नाही. आणि अडचण अशी की ओटी दोघांनाही पिवळा रंग देते. फरक फक्त वेगाचा. मुक्त क्लोरिनचा रंग थेंब पडताक्षणी येतो, संयुक्त क्लोरिनचा हळूहळू चढतो. म्हणून ओटीचे वाचन पहिल्या दहा सेकंदांत करायचे. पुढे पाच मिनिटांनी तीच नळी पाहिली, तर दिसतो तो मुक्त आणि संयुक्त यांचा एकत्रित आकडा.

प्रत्यक्षात काय होते? नळीत थेंब टाकले जातात, नळी पेटीत बसवली जाते, तेवढ्यात कोणीतरी हाक मारते, मग चष्मा शोधायचा, पेटी उजेडाकडे धरायची. तोवर दोन-तीन मिनिटे गेलेली असतात. त्या पाण्यात मुक्त क्लोरिन शून्य असले, तरी आता नळी छान पिवळी आहे आणि नोंदवहीत 'पॉझिटिव्ह' उमटते. माझ्या मते या परीक्षेतली सर्वांत मोठी आणि सर्वांत धोक्याची चूक हीच. कारण ती नेमकी त्याच पाण्यात होते, ज्यात सांडपाणी मिसळलेले असण्याची शक्यता जास्त. स्वच्छ पाण्यात दहा सेकंदांनी पाहा की पाच मिनिटांनी, रंग जवळजवळ सारखाच राहतो.

यातूनच एक सोपी रीत निघते : प्रत्येक नळी दोनदा वाचावी. एकदा थेंब मिसळताच, एकदा पाच मिनिटांनी. दोन्ही वेळा सारखाच पिवळा असेल, तर क्लोरिन मुक्त आहे. पहिल्या नजरेला नळी फिकी आणि नंतर गडद झाली, तर पाण्यात क्लोरिन खाणारे काहीतरी आहे. दोन्ही वेळा रंगच आला नाही, तर क्लोरिन उरलेलेच नाही.

आता प्रत्यक्ष कृती. नमुना टाकीच्या झाकणातून वरवरचा घेऊ नये; टाकीतून निघणाऱ्या नळाचे पाणी अर्धा-एक मिनिट वाहू द्यावे आणि मग घ्यावे. नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. साबणाचा अंश राहिला, तरी क्लोरिन खाल्ले जाते. खुणेपर्यंत पाणी भरून संचाच्या कागदावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकावेत. बाटली उभी धरून, म्हणजे थेंब सारख्या आकाराचे पडतात. नळीचे बूच लावून एक-दोनदा उलटसुलट करावी. अंगठ्याने तोंड दाबून हलवू नये, कारण द्रावणात आम्ल आहे आणि ऑर्थोटोलिडिन हे कर्करोगकारक असल्याचा दाट संशय आहे. हातमोजे घालावेत, मुलांना हा प्रयोग करायला देऊ नये आणि तपासलेले पाणी परत टाकीत न ओतता भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावे. रंग पाहताना मागे पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड हवा, पण थेट ऊन नको. संध्याकाळी रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली घेतलेले वाचन टाकून द्यावे. त्या उजेडात प्रत्येक नळी पिवळीच दिसते.

आपल्या हवामानात एक अडचण वाढते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात चांगलेच तापते आणि गरम पाण्यात क्लोरामिनचा रंगही झपाट्याने चढतो. मग दहा सेकंदांची सीमा धूसर होते. नमुना बूच लावलेल्या बाटलीत घेऊन ती बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावी आणि थंड झालेल्या पाण्यावर चाचणी करावी. दोन रंगांतला फरक तेव्हा स्पष्ट होतो.

हे सारे एका उदाहरणावर पाहू. समजा, एका सोसायटीची तळटाकी वीस हजार लिटरची आहे. दहा हजार लिटरचे दोन टँकर त्यात रिकामे होतात. आपल्याकडच्या रूढ प्रमाणाप्रमाणे हजार लिटरला ५ ग्रॅम म्हणून १०० ग्रॅम टीसीएल घेतली. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते, म्हणजे ३३ ग्रॅम क्लोरिन वीस हजार लिटरमध्ये गेले. लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम. पावडर तशीच टाकीत न ओतता बादलीत कालवून, चुना तळाला बसू देऊन वरची निवळी टाकी भरत असताना ओतली, म्हणजे ती नीट मिसळते. तासाभराने नमुना घेतला. पाणी चांगले असते, तर थोडे क्लोरिन खर्च होऊन एकच्या आसपास मुक्त क्लोरिन उरले असते आणि थेंब पडताच नळी पिवळी झाली असती. पण इथे थंड केलेल्या नमुन्यात पहिल्या नजरेला जेमतेम छटा दिसली आणि पाच मिनिटांनी रंग एकच्या पट्टीपलीकडे गेला.

इथे पहिली प्रतिक्रिया असते, 'अजून थोडी पावडर टाका'. ५० ग्रॅम आणखी टाकून तासाभराने पाहिले, तर चमत्कारिक गोष्ट दिसते : पाच मिनिटांचा रंग वाढण्याऐवजी उतरलेला असतो. टीसीएल खराब निघाली असे वाटून लोक गोंधळतात. वास्तविक रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी अपेक्षित आहे. क्लोरिनचे प्रमाण अमोनियातल्या नायट्रोजनच्या पाचपट होईपर्यंत क्लोरामिन वाढत जाते. त्यापुढचे क्लोरिन ते क्लोरामिनच मोडून टाकते. नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो आणि एकूण क्लोरिन घटते. सुमारे साडेसातपटीला, प्रत्यक्षात बहुधा दहापटीपर्यंत, ही मोडतोड संपते आणि तिथून पुढे टाकलेले क्लोरिन मुक्त राहते. या टप्प्याला भंजनबिंदू म्हणतात. या टाकीत लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल, तर तो टप्पा साधारण ३ ते ४ मिलिग्रॅमला येतो. म्हणजे वीस हजार लिटरला सुमारे २०० ते २५० ग्रॅम टीसीएल. त्यानंतर थेंब पडताच नळी पिवळी होते आणि पाच मिनिटांनीही जवळपास तशीच राहते.

पण तिथवर पावडर ओतत जाणे हा माझ्या मते तोडगा नाही. पिण्याच्या टाकीत इतका अमोनिया आला कुठून, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तरही याच संचाने शोधता येते. १ ग्रॅम टीसीएल १०० मिलिलिटर पाण्यात कालवून निवळी करावी. टँकरमधून, टाकीत पडण्याआधी, दहा लिटरची एक बादली भरून घ्यावी. टाकीतल्या पाण्याची दुसरी बादली टीसीएल टाकण्यापूर्वी भरून ठेवावी. दोन्हींत ५-५ मिलिलिटर निवळी घालावी. ते प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम एवढेच होते. बादल्या झाकून तासाभराने दोन्हींची ओटी दोन वेळा वाचावी. टँकरच्या बादलीत लगेच पिवळा आणि टाकीच्या बादलीत उशिरा पिवळा, तर पाझर टाकीत आहे. जवळचा ड्रेनेजचा चेंबर, टाकीच्या भिंतीतली भेग, झाकणाभोवती साचणारे पाणी पाहावे. दोन्हींत उशिरा पिवळा आला, तर टँकर भरतो ती विहीर किंवा बोअरच दूषित आहे आणि तो पुरवठा थांबवायला हवा. दोन बादल्यांचा हा प्रयोग कुठल्याही सोसायटीला करता येतो आणि टँकरवाल्याशी बोलताना हातात काही पुरावा राहतो.

दोन्ही वेळा नळी कोरीच राहिली, तर आधी संचावर संशय घ्यावा. ओटीचे द्रावण उजेडात आणि उन्हात खराब होते. म्हणूनच ते गडद रंगाच्या बाटलीत येते. पेलाभर पाण्यात वरच्या निवळीचे काही थेंब टाकून त्याची चाचणी घ्यावी. झटकन गडद पिवळा किंवा नारिंगी आला, तर संच ठीक. मग टीसीएल पाहावी. उघड्या पिशवीत, दमट खोलीत पडलेली पावडर आपले क्लोरिन गमावत जाते. ३३ टक्क्यांची २० टक्क्यांखाली आली, की ती पाणी शुद्ध करायला वापरू नये असा आपल्या आरोग्य यंत्रणेचा दंडक आहे. संच आणि पावडर दोन्ही चांगली असूनही रंग नाही, तर टाकीच्या तळाचा गाळ, शेवाळ आणि भिंतीवरचा चिकट थर सारे क्लोरिन खात असतात. अशा वेळी टाकी धुण्याला पर्याय नाही. आणखी एक नेहमीचा घोटाळा : स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राच्या नळातून नमुना घेतला जातो. त्या यंत्रातला कार्बन क्लोरिन काढूनच टाकतो, त्यामुळे तिथे शून्य येणारच. नमुना यंत्राच्या आधीच्या नळाचा हवा.

क्लोरिन नसतानाही पिवळा रंग येऊ शकतो. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर ओटी तशीच पिवळी पडते. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यातल्या बोअरवर, जिथे भांड्याला तांबूस डाग पडतात, हे आवर्जून तपासावे. टीसीएल टाकण्याआधीच्या कच्च्या पाण्याची एकदा ओटी घेऊन ठेवली, की पुरे. तिथेच रंग आला, तर पुढच्या प्रत्येक वाचनात तेवढा पिवळा फसवा आहे हे लक्षात ठेवावे लागते.

दुसऱ्या टोकाला, क्लोरिन फारच जास्त असेल, तर रंग पिवळ्यावरून नारिंगी आणि पुढे तांबूस होतो, कधी गाळही दिसतो. पट्टीत तो बसत नाही. मग एक भाग नमुना आणि नऊ भाग क्लोरिन नसलेले पाणी, बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड चालेल, असे मिसळून वाचावे आणि आकडा दसपट करावा. नळीत हिरवट-निळसर झाक आली, तर पाणी क्षारीय असून त्याला आम्ल पुरे पडलेले नाही किंवा थेंब कमी पडले आहेत. ते वाचन मोजू नये.

ही सगळी कसरत ओटीच्या स्वभावामुळे करावी लागते. म्हणूनच पाणी तपासणाऱ्या जगाने तिला बऱ्याच आधी मागे टाकले. इंग्लंडमधील आर्थर पालिन यांनी १९५७ मध्ये डीपीडी नावाच्या रसायनाची पद्धत मांडली. तिच्यात मुक्त क्लोरिनला गुलाबी रंग येतो. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरिन आणि त्याच नळीत पुढची गोळी टाकल्यावर एकूण क्लोरिन वाचता येते, त्यामुळे घड्याळावरची भिस्त पुष्कळ कमी होते. अमेरिकेत पाणीतपासणीचा आधार मानल्या जाणाऱ्या प्रमाणित पद्धतींच्या ग्रंथातून ओटी १९७० च्या दशकात वगळली गेली. डीपीडी निर्दोष आहे असे नाही. तिचाही रंग मिनिटभरात वाचायला हवा, मँगनीज तिलाही फसवते आणि क्लोरिन खूप असेल, तर ते गुलाबी रंगच विरंजित करून टाकते. मग ठणठणीत क्लोरिन असलेली नळी पांढरी दिसते आणि कोणीतरी आणखी पावडर ओततो. अशा वेळी पाणी पातळ करून पुन्हा पाहणे हाच उपाय. तरीही निवड करायची झाली, तर मी डीपीडीच घेईन. आरोग्याच्या दृष्टीनेही आणि वाचनाच्या दृष्टीनेही.

आणि मुक्त क्लोरिन ०.५ आले म्हणजे सगळे झाले का? दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली सामूची, म्हणजे पीएचची. मुक्त क्लोरिनचा प्रभावी भाग सामू ७.५ ला निम्मा असतो आणि ८.५ ला दहा टक्क्यांवर येतो. संच मात्र प्रभावी आणि निष्प्रभ अशा दोन्ही भागांना सारखाच रंग देतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या अनेक बोअरचे पाणी क्षारीय असते. सामू आठच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन आणि किमान अर्धा तास संपर्क पुरतो. त्याहून वर असेल, तर जास्त वेळ द्यावा लागतो. दुसरी मर्यादा म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. गढूळ पाण्यात तर जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. थेंबांचा संच क्लोरिन मोजतो, जंतू नाही. जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

नमुना कुठून घ्यायचा, हेही ठरवून ठेवावे. तळटाकीत ०.८ असलेले पाणी गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहून सकाळी ०.२ वर येऊ शकते आणि वापर कमी असलेल्या टोकाच्या नळाला शून्य मिळू शकते. तळटाकीचे वाचन औषध पुरेसे पडले का, हे सांगते. टोकाच्या नळाचे वाचन माणसाच्या तोंडी काय जाते, ते सांगते. आठवड्यातून काही दिवस दोन्ही घ्यावीत, पहाटे पाणी वापरायला सुरुवात होण्याआधी टोकाच्या नळाचे एक तरी.

गावच्या जलसुरक्षकांना आणि सोसायट्यांच्या समित्यांना एवढीच विनंती आहे : नोंदवहीतला 'पॉझिटिव्ह' हा रकाना बंद करा. त्याच्या जागी नमुन्याची जागा, टीसीएल टाकल्याची वेळ, दहा सेकंदांचा आकडा आणि पाच मिनिटांचा आकडा असे चार रकाने आखा. शेवटच्या दोन आकड्यांत फरक पडू लागला, तर आणखी पावडर टाकण्याआधी टाकीभोवतीची जमीन आणि जवळचे चेंबर तपासा.